दृढीकरणाला पाठीशी कोण उभे राहणार?

वसईच्या एखाद्या धर्मग्रामात दृढीकरणाची तारीख जाहीर झाली, की घरोघरी पहिला प्रश्न येतो तो स्पॉन्सरचा. धाकट्या मामाला विचारायचे की थोरल्या आत्येला? जवळच्या नातलगाचा मान राखायचा म्हणून पुष्कळदा नाव चटकन ठरते. चर्चच्या कार्यालयात फॉर्म भरताना मात्र अडचण निघते.

समजा, नववीतल्या एका मुलीने मामाचे नाव दिले आहे. कार्यालयात विचारणा होते: मामाचे वय 16 पूर्ण आहे ना? तो कॅथलिक आहे ना? त्याचे स्वतःचे दृढीकरण झाले आहे का? इथेच गाडी अडते. मामाचा स्नानसंस्कार झाला, प्रथम कम्युनियन झाले, पण दृढीकरणाच्या वर्षी तो शिक्षणासाठी बाहेरगावी होता आणि नंतर ते राहूनच गेले. जो संस्कार त्याने घेतला नाही, त्याच संस्कारात तो दुसऱ्याची जबाबदारी उचलू शकत नाही. मग आईच उभी राहते म्हणाली, तर तेही चालत नाही. आईवडिलांवर मुलांच्या श्रद्धेची जबाबदारी आधीपासूनच असते, स्पॉन्सर ही त्यांच्या जोडीला आलेली आणखी एक व्यक्ती.

अशा वेळी उत्तर बहुतेकदा घरातच सापडते. चर्चचा कायदा सुचवतो, की शक्य असेल तर स्नानसंस्काराच्या वेळच्या धर्ममातेला किंवा धर्मपित्यालाच पुन्हा विचारावे. तान्ह्या बाळाच्या वतीने तेव्हा ज्यांनी शब्द दिला, त्यांच्याच साक्षीने आता ते मूल स्वतः तो शब्द देते. ही साखळी जुळावी हा त्यामागचा विचार, आणि तो फार सुंदर आहे. स्पॉन्सर एकच पुरतो. मुलीला पुरुष किंवा मुलाला स्त्री स्पॉन्सर असली तरी हरकत नसते. प्रॉटेस्टंट मित्र कितीही जिवलग असला तरी त्याला ही जागा देता येत नाही. आणि कोणीच मिळाले नाही म्हणून संस्कार अडत नाही. कायद्याचे शब्द ‘शक्य असेल तोवर’ असे आहेत.

फॉर्मसोबत स्नानसंस्काराचा दाखला लागतो. तो कामाचा कसा, हे केरळी कुटुंबांच्या बाबतीत दिसते. सिरो-मलबार पंथात आता बाळाला स्नानसंस्काराबरोबरच हा अभिषेकही मिळतो. मुंबई परिसरात या पंथाची बरीच कुटुंबे आहेत, कल्याणला त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत 1988 पासून आहे. त्यांचे मूल शाळासोबत्यांबरोबर लॅटिन पंथाच्या वर्गाला येऊन बसले, तरी त्याचे दृढीकरण पुन्हा करता येत नाही. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो.

तयारीचे वर्ग किती दिवस चालतात हे प्रत्येक धर्मप्रांत ठरवतो. मुले पवित्र आत्म्याची सात दाने शिकतात: सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि ईश्वराचे आदरयुक्त भय. पाठांतर लवकर होते. खरा कस लागतो तो ‘हे मला का हवे आहे’ हे स्वतःच्या शब्दांत सांगताना, आणि चांगला धर्मशिक्षक तिथे घाई करत नाही. समारंभाआधी पापनिवेदनही होते.

विधी मिस्सेतच, शुभवर्तमानानंतर सुरू होतो. सामान्यतः स्वतः बिशप येतात; त्यांनी अधिकार दिल्यास धर्मगुरूही तो करू शकतात. प्रवचनानंतर मुले उभी राहून स्नानसंस्काराची वचने स्वतःच्या तोंडाने पुन्हा देतात. बिशप सर्वांवर हात पसरून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतात. मग एकेक जण पुढे येतो. स्पॉन्सर मागे उभा राहून उजवा हात उमेदवाराच्या खांद्यावर ठेवतो आणि नाव सांगितले जाते. बिशप अंगठा क्रिझममध्ये बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकार, अशा अर्थाचे शब्द म्हणतात. उत्तर एकच: ‘आमेन’. क्रिझम म्हणजे सुगंधी द्रव्य मिसळलेले, बहुधा ऑलिव्हचे तेल. बिशप ते पवित्र सप्ताहाच्या सुमारास एका खास मिस्सेत पवित्र करतात. कपाळावर केस आले तर तेल त्यांनाच लागते, म्हणून शिक्षिका मुलींना आधीच पिना लावायला सांगतात. शेवटी बिशपांचा तेलकट अंगठा पुसायला लिंबाच्या फोडी आणि पाव ठेवलेला असतो. गालावर हलकी चापट मारण्याची जुनी रीत 1971 च्या सुधारित विधीत उरली नाही, पण आजीआजोबा तिची आठवण हमखास काढतात.

एक काम यानंतर उरते. दृढीकरण दुसऱ्या धर्मग्रामात झाले असेल, तर तशी सूचना स्नानसंस्कार झालेल्या चर्चकडे जाऊन तिथल्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे नोंद व्हायला हवी. ती राहिली तर लग्नाच्या वेळी नवीन दाखला काढताना दृढीकरणाचा रकाना कोरा निघतो, आणि मग साक्षीदार शोधायची वेळ येते. म्हणून कुटुंबाने काही महिन्यांनी तिथे एक फेरी मारून नोंद झाली आहे का ते पाहून घ्यावे.