भावाच्या वाट्याचे अडकलेले सव्वापाच लाख

वडिलांनी २०१२ मध्ये कोथरूडला ७० लाखांना घेतलेला फ्लॅट त्यांच्यामागे बहीण-भावाच्या नावावर निम्मा-निम्मा झाला. बहीण पुण्यात राहते, भाऊ न्यू जर्सीत. समजा, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १ कोटी २० लाखांना विकला गेला. दोघांच्या वाट्याला साठ-साठ लाख. खरेदीदाराने बहिणीच्या पैशातून १ टक्का, म्हणजे ६० हजार रुपये कर कापला. भावाच्या पैशातून मात्र ८ लाख ५८ हजार कापले.

भाऊ अनिवासी असल्यामुळे त्याचा भांडवली नफ्यावरचा कर खरेदीदारानेच आधी कापून भरायचा असतो. दर साडेबारा टक्के. रक्कम ५० लाखांच्या वर म्हणून अधिभार, त्यावर उपकर, असे मिळून १४.३ टक्के. पण खरेदीदाराने हा दर नफ्याला न लावता पूर्ण ६० लाखांना लावला. त्याला दोष देता येत नाही. नफा किती झाला हे तो परस्पर ठरवू शकत नाही आणि कर कमी कापला गेला, तर व्याजासकट वसुली त्याच्याकडूनच होते.

भावाचा खरा कर किती? वारसाहक्काने आलेल्या घराला वडिलांचीच खरेदी किंमत धरतात. निम्मे ३५ लाख वजा केले की नफा उरतो २५ लाख. भावाचे भारतात दुसरे उत्पन्न नसेल तर अधिभार लागत नाही, आणि कर होतो ३ लाख २५ हजार. म्हणजे ५ लाख ३३ हजार जास्तीचे गेले.

हे टाळण्याचा रस्ता होता. भावाने फॉर्म १३ भरून आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्यायचा होता. त्याला वडिलांचे खरेदीखत, वारसाचे कागद, विक्रीचा मसुदा आणि खरेदीदाराचा टॅन लागतो. दाखला यायला काही आठवडे जातात आणि आधी दिलेल्या रकमेला तो लागू होत नाही. कपात टोकनच्या रकमेवरही होते, म्हणून अर्ज टोकनच्या आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उरला परतावा. त्यासाठी ३१ जुलै २०२६ पर्यंत विवरणपत्र भरायचे. त्याआधी फॉर्म २६एएस उघडून ८ लाख ५८ हजार आपल्या पॅनवर दिसतात का, ते पाहायचे. घोळ बहुधा इथेच होतो: खरेदीदार कर भरतो, पण तिमाहीचा फॉर्म २७क्यू भरायचा राहून जातो किंवा पॅनचा आकडा चुकतो. दुरुस्ती त्यालाच करावी लागते, आणि घराचा ताबा मिळालेला माणूस फोन उचलेलच असे नाही. म्हणून शेवटचा हप्ता घेतानाच कर भरल्याचे चलन मागून घ्यावे आणि तिमाही संपल्यावर फॉर्म १६ए द्यायचे लेखी कबूल करून घ्यावे. विवरणपत्र मुदतीत गेले, तर परताव्यावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. पैसे जमा होण्यासाठी एनआरओ खाते पोर्टलवर आधी पडताळून ठेवलेले असावे लागते.