थकबाकीदारांची यादी आणि 'निरंक' काका

आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत. खजिनदार झाल्यावर माझ्याकडे एक एक्सेलची फाइल आली. ए रकान्यात फ्लॅट नंबर, बी मध्ये नाव, सी मध्ये विंग आणि डी मध्ये मेंटेनन्सची बाकी. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणून माहिती दुसऱ्या ओळीपासून एकोणपन्नासाव्यापर्यंत. दर महिन्याच्या मीटिंगला प्रश्न एकच: बाकी कोणाकोणाची?

आधीचे खजिनदार फनेलचं बटण दाबून शून्यवाल्या ओळी लपवायचे आणि उरलेल्या कॉपी करून दुसरीकडे चिकटवायचे. ती यादी चिकटवली त्या क्षणीच शिळी व्हायची. संध्याकाळी कोणी पैसे भरले, तरी सकाळच्या यादीत त्यांचं नाव तसंच.

मी त्याच शीटवर जरा बाजूला, जी रकान्यातल्या दुसऱ्या ओळीत हे लिहिलं:

```
=FILTER(A2:D49, D2:D49>0, "बाकी नाही")
```

एंटर दाबताच थकबाकीदारांच्या पूर्ण ओळी खाली पसरल्या. सूत्र एकाच घरात आहे, बाकीची घरं ते स्वतः भरतं. डी मध्ये आकडा बदलला की यादीही बदलते. मूळ तक्त्यातली एकही ओळ लपत नाही की हलत नाही.

आत काय चालतं ते कळलं की पुढचे घोळ उमगतात. पहिला भाग म्हणजे काय आणायचं. दुसरा भाग म्हणजे अठ्ठेचाळीस हो-नाहींची एक उभी रांग: प्रत्येक घराला 'शून्यापेक्षा जास्त का?' असं विचारून आलेलं `TRUE` किंवा `FALSE`. जिथे `TRUE`, ती ओळ येते. म्हणून दोन्ही भागांच्या ओळी सारख्याच हव्यात. एकीकडे 49 आणि दुसरीकडे 48 लिहिलंत तर `#VALUE!` येतं. तिसरा भाग कोणीच सापडलं नाही तर काय दाखवायचं ते सांगतो. तो गाळला तर सगळ्यांनी पैसे भरल्याच्या शुभदिनी `#CALC!` दिसतं.

फक्त बी विंगचे थकबाकीदार हवे असतील तर दोन रांगांचा गुणाकार करायचा. दोन्हीकडे 'हो' असेल तरच उत्तर एक येतं:

```
=FILTER(A2:D49, (C2:C49="बी")*(D2:D49>0), "बाकी नाही")
```

'हे किंवा ते' चालणार असेल तर गुणिलेऐवजी अधिक. कंस मात्र विसरायचे नाहीत.

मग जास्त बाकीवाले वर यावेत म्हणून मी ते `SORT` मध्ये गुंडाळलं: `=IFERROR(SORT(FILTER(A2:D49, D2:D49>0), 4, -1), "बाकी नाही")`. यादी छापून नोटीस बोर्डावर लावली आणि तासाभरात दारावरची बेल वाजली. एक काका, आयुष्यात कधी हप्ता न चुकवलेले, यादीत पहिल्या नंबरावर! त्यांच्या बाकीच्या घरात कोणीतरी शून्याऐवजी 'निरंक' असं लिहून ठेवलं होतं. एक्सेलच्या लेखी कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे 'निरंक' शून्यापेक्षा मोठं ठरलं आणि उतरत्या क्रमात सगळ्यांच्या वर जाऊन बसलं. नुसती डॅश किंवा एखादी स्पेसही हाच प्रताप करते.

अट `ISNUMBER(D2:D49)*(D2:D49>0)` अशी केली की असे काका सुटतात. पण मग '1,500/-' असं लिहिलेली खरी बाकीही गुपचूप गळते, कारण तोही मजकूरच. चुकीचं नाव लागलं तर निदान बेल तरी वाजते. गळलेल्या नावाचा माणूस कशाला सांगायला येईल? म्हणून मी डी रकान्यात आकड्याशिवाय काही ठेवायचं नाही असं ठरवलं आणि सूत्र होतं तसं राहू दिलं.

दुसरा घोळ याहून बेमालूम. यादीशेजारी के रकान्यात मी शेरे लिहायला लागलो: 'फोन केला', 'पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले'. मधल्या एकाने पैसे भरले, यादी एका ओळीने वर सरकली आणि शेरे जागच्या जागी राहिले. प्रत्येक शेरा भलत्याच माणसापुढे! सूत्राने पसरवलेल्या ओळींना शेजारचा मजकूर चिकटत नाही. शेरे मूळ तक्त्यात ई रकान्यात लिहायचे आणि सूत्रात `A2:E49` घ्यायचं, म्हणजे शेरा नावाबरोबर फिरतो. मात्र ज्या ओळीत शेरा नाही, तिथे यादीत शून्य दिसेल.

यादीच्या वाटेत एखादं भरलेलं घर आलं तर `#SPILL!` दिसतं. ते घर रिकामं केलं की यादी पसरते.

सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर जुनं एक्सेल 2016 आहे, तिथे हे सूत्र लिहायला गेलं तर `#NAME?` येतं. हे फंक्शन मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आणि एक्सेल 2021 पासून आहे. गूगल शीट्समध्येही ते आहे, पण तिथे तिसरा भाग म्हणजे आणखी एक अट. म्हणून 'बाकी नाही' तिथे लिहायचं नाही, अख्खं सूत्र `IFERROR` मध्ये घालायचं. काकांच्या घरात आता शून्य आहे. तरी यादी लागली की ते आधी पहिली ओळ वाचतात.