बेंगळुरूची आठ वर्षं, स्कॉटलंडची अठरा

दुकानात एकाच डिस्टिलरीच्या दोन बाटल्या शेजारी असतात, एक 12 वर्षांची आणि दुसरी 18 वर्षांची. दुसरीची किंमत बहुतेक वेळा दुपटीहून जास्त असते. मग चवही दुप्पट चांगली असते का?

आधी तो आकडा समजून घेऊ. 12 म्हणजे बाटलीतली सर्वांत कोवळी व्हिस्की 12 वर्षं लाकडी पिंपात होती. पिंप कसं होतं आणि कुठे होतं, हे त्यातून कळत नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

1948 साली बेंगळुरूत राधाकृष्ण जगदाळे यांनी सुरू केलेल्या अमृत डिस्टिलरीजचं उदाहरण घ्या. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण 2 टक्के व्हिस्की दरवर्षी हवेत उडून जाते. तिथले लोक याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बेंगळुरूच्या उष्ण हवेत हा वाटा 10 टक्क्यांच्या वर जातो. 10 टक्केच धरले, तरी 200 लिटरच्या पिंपात आठ वर्षांनी 86 लिटर उरतील आणि अठरा वर्षांनी जेमतेम 30. स्कॉटलंडमध्ये मात्र अठरा वर्षांनंतरही 139 लिटर शिल्लक असतील. अमृतने 2013 साली आठ वर्षांची व्हिस्की काढली, तेव्हा 144 बाटल्याच भरल्या. नाव ठेवलं ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत.

उष्णतेने लाकडाचा अर्कही लवकर उतरतो. व्हॅनिलाचा गोडवा, रंग आणि तुरटपणा यांतलं बरंचसं पहिल्या काही वर्षांतच व्हिस्कीत येतं. पुढची वर्षं मुख्यतः हवेशी होणाऱ्या संथ प्रक्रियेची. त्यात फळांचे, सुक्या मेव्याचे वास खुलतात, पण फार सावकाश. म्हणून 3 ते 12 या प्रवासात चवीत जेवढा फरक पडतो, तेवढा 12 ते 18 मध्ये सहसा पडत नाही. किंमत मात्र वाढतच जाते, कारण उडून गेलेला माल, गोदामाची जागा आणि अडकलेलं भांडवल हे सगळं उरलेल्या लिटरांवरच बसतं.

शिवाय पिंप ताजं आणि जोरकस असेल तर व्हिस्की लाकडाखाली दबतेही. ओळखायची खूण सोपी आहे. घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडली आणि फार उकळलेल्या चहासारखा तुरटपणा मागे राहिला, तर ती पिंपात जास्त दिवस राहिली असं समजावं. उलट अनेकदा वापरलेल्या, थकलेल्या पिंपात 18 वर्षंही कमी पडू शकतात.

अमृतच्या ‘फ्युजन’वर वयाचा आकडाच नाही. तरीही समीक्षक जिम मरे यांनी आपल्या 2010 च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये तिला जगात तिसरा क्रमांक दिला. तेव्हा 18 च्या बाटलीसाठी जादा पैसे मोजण्याआधी त्याच डिस्टिलरीच्या 12 च्या शेजारी ठेवून तिचा एक पेग चाखा. फरक जिभेला कळला, तरच पूर्ण बाटली घ्या.