जैसलमेर आधी, जोधपूर नंतर

तर मंडळी, आज राजस्थान. मुंबईहून जयपूर, जोधपूर, जैसलमेर. नकाशा बघून सगळे हाच क्रम लावतात आणि तिथेच एक दिवस वाया जातो. जैसलमेर म्हणजे रेल्वेचं टोक. मुंबईला परत येताना पुन्हा जोधपूरच लागतं. म्हणजे जोधपूर दोनदा येणारच, प्रश्न एवढाच की त्यातलं एकदा झोपेत काढायचं का.

मी काढतो. संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून जयपूर सुपरफास्ट, दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूर. तिथे एक मुक्काम. पुढच्या रात्री दिल्लीहून येणारी जैसलमेरची गाडी पकडायची. जोधपूर येतं तेव्हा आपण बर्थवर गाढ झोपेत. जैसलमेरला एक मुक्काम, मग दिवसाउजेडी पाच-सहा तासांत जोधपूर. तिथे एक मुक्काम, किल्ला बघा आणि संध्याकाळी सूर्यनगरीने वांद्रे टर्मिनस. सहा रात्री, हॉटेल फक्त तीन.

एक गोची आहे. जयपूरची ती गाडी मध्यरात्रीच्या आसपास असते. बारा वाजून गेल्यावर सुटत असेल तर तिकिटावर पुढची तारीख हवी, नाहीतर तुम्ही स्टेशनवर आणि गाडी कालच गेलेली! बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. आधी परतीचं सूर्यनगरीचं तिकीट बघा, कन्फर्म मिळत नसेल तर अख्खा प्लॅन एक दिवस सरकवा. हॉटेलं त्यानंतर. आणि चेकआउटनंतर बॅगा? स्टेशनच्या क्लोकरूममध्ये, पण कुलूप लावलेल्या हव्यात.