बेचाळीस अंशांत वेरूळ-अजिंठा

मे महिन्यात वेरूळ-अजिंठ्याला जाऊ नये, हे सांगणं सोपं आहे. पण मुलांना सुट्टी तेव्हाच असते आणि घरातल्या सगळ्यांची रजा जुळते तीही तेव्हाच. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलांत सहलीचे ग्रुप उतरतात. मग उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की ग्रुपच्या व्हॉट्सअॅपवर टूर मॅनेजरचा निरोप येतो: ‘ऊन फार आहे, भरपूर पाणी प्या, काळजी घ्या.’ या निरोपात सूचना म्हणावी असं काहीच नाही. किती वाजता निघायचं, कोणतं ठिकाण गळलं, पाणी किती आणि कुठे मिळणार, दुपारी टेकायचं कुठे, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

इशाऱ्याचं गणित आधी समजून घेऊ. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असेल आणि त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ते साडेचार अंशांनी चढलेलं असेल, तर भारतीय हवामान विभाग त्याला उष्णतेची लाट म्हणतो. पारा ४५ ला टेकला, तर सरासरी न बघताही लाट धरली जाते. मराठवाड्यात मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास असते. म्हणजे ४२ अंशांचा दिवस कागदावर लाट ठरेलच असं नाही. मुंबईहून आदल्या रात्री आलेल्या पासष्ट वर्षांच्या काकूंना मात्र तो लाटेसारखाच बाधतो. शरीराला अशा उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि सहल असते तीन दिवसांची. शिवाय जाहीर होणारं तापमान सावलीतल्या, हवा खेळत्या ठेवलेल्या पेटीत मोजलेलं असतं. तापलेल्या काळ्या कातळाच्या अंगणात उभ्या माणसाला त्याहून बरंच जास्त सोसावं लागतं. म्हणून लाट जाहीर होण्याची वाट न बघता, अंदाज चाळिशीपार गेला की कार्यक्रम बदलावा, असं माझं मत आहे.

समजा, छत्तीस जणांचा ग्रुप रविवारी संध्याकाळी उतरला, निम्मे लोक साठीच्या पुढचे, आणि सोमवार-मंगळवारसाठी नारिंगी इशारा आहे. पहिली अडचण कॅलेंडरची. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणजे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा हा क्रम ठरलेलाच; तो उलटवता येत नाही. बदलता येतात त्या फक्त वेळा.

वेरूळच्या बाबतीत हा बदल सोपा आहे. लेणी सूर्योदयाला उघडतात आणि शहरापासून अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. शिवाय डोंगराची ज्या कड्यात ती कोरली आहेत, तो कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी डोंगराचीच सावली लेण्यांच्या दर्शनी भागावर असते. दुपारनंतर ऊन थेट आत शिरतं. छायाचित्रकारांना दुपारचा हा उजेड आवडतो, पण मे महिन्यात त्यांचा सल्ला ऐकू नये. नेहमीच्या कार्यक्रमात सकाळी नऊला आरामात नाश्ता, साडेदहाला वेरूळ, तीनला दौलताबाद आणि संध्याकाळी बीबी का मकबरा असं असतं. बदललेल्या दिवशी पाचला चहा, सव्वापाचला बस आणि सहाला दार उघडताच आत. आधी सोळा क्रमांकाचं कैलास लेणं, कारण तिथलं अंगण उघडं आहे आणि ऊन वर चढलं की चारही बाजूंचे कातळ तापतात. मग दहा आणि बारा क्रमांकाची बौद्ध लेणी; ती खोल असल्यामुळे थोड्या उशिरानेही चालतात. बत्तीस क्रमांकाचं जैन लेणं मुख्य लेण्यांपासून लांब आहे, तिथे वाहनानेच जायचं. साडेनऊला बसमध्ये परत.

दौलताबाद त्या दिवशी गाळायचा. किल्ल्याचा डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच, वाट चढाची, मध्ये अंधारी नावाचा काळोखा भुयारी मार्ग आणि त्यापुढे पुन्हा उघड्यावरच्या पायऱ्या. चढताना माणूस थकला तर त्याला खाली आणायला तेवढाच वेळ लागतो. ‘वेळ मिळाल्यास बघू’ असं निरोपात लिहू नये. त्याने लोक आशेवर राहतात आणि बसमध्ये वाद होतात. ‘दौलताबाद रद्द, तिकिटाचे पैसे परत, बसमधून किल्ला दिसेल’ असं सरळ लिहावं. मकबरा तेवढा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.

अजिंठ्याला मात्र पहाट गाठता येत नाही. लेणी उघडतात नऊला आणि शहरापासून शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे. फर्दापूरजवळच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसने शेवटचे चार किलोमीटर जावं लागतं. वाघूर नदीच्या नालाकृती दरीत लेणी आहेत. मे महिन्यात नदी कोरडी असते, वारा अडतो आणि समोरासमोरचे कडे तापून एकमेकांकडे उष्णता फेकत राहतात. म्हणून पावणेसहाला निघून नऊच्या पहिल्या बसमध्ये बसायचं आणि सगळी लेणी बघण्याचा हट्ट सोडायचा. एक, दोन, सोळा, सतरा, एकोणीस आणि सव्वीस एवढीच बघून साडेअकराला परत. समोरच्या टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटचं नावही काढू नये. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांच्यासाठी डोली मिळते. तिचा दर निघण्याआधीच ठरवून घ्यावा.

इथे एक गोष्ट बहुतेक टूरवाले सांगायला विसरतात. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. आत मोजक्याच लोकांना सोडत असल्यामुळे रांग बाहेर थांबते आणि दहा वाजून गेल्यावर तिथला दगड अनवाणी पायांना चटके देतो. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला तो चटका कळतही नाही. संध्याकाळी हॉटेलवर फोड दिसतो. जाड सुती मोजे प्रत्येकाच्या पिशवीत हवेत. वेरूळजवळच्या घृष्णेश्वराच्या मंदिरातही तेच मोजे कामाला येतात.

आता पाणी. उन्हात फिरताना दर वीस मिनिटांनी साधारण दोनशे मिलिलिटर, म्हणजे एक फुलपात्र, हे लक्षात ठेवायला सोपं माप आहे. अडीच तासांच्या फेरीला माणशी दीड लिटर होतं. छत्तीस जणांचं चौपन्न लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. ते बसमध्ये चढवायची जबाबदारी नक्की कोणाची, टूर मॅनेजरची की हॉटेलची, हे रात्रीच ठरायला हवं. सकाळी पाच वाजता दोघेही एकमेकांकडे बघतात आणि बस जारांशिवाय सुटते.

पण नुसतं पाणीच गटागटा पीत राहणंही बरोबर नाही. घामावाटे मीठ जातं, आणि त्यावर साध्या पाण्याचा मारा केला तर रक्तातलं सोडियम घसरून मळमळ, डोकेदुखी, गुंगी येते. फेरीमध्ये एकदा ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक घ्यावं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर द्रावण दुप्पट तीव्र होतं आणि उलटी-जुलाब होण्याची भीती असते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. रंगीत, गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचं माप ठरवून दिलेलं आहे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी वरचं माप पाळू नये. निघण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावं.

बायका सहलीत पाणी कमी पितात, याचं कारण बहुतेक वेळा तहान नसून स्वच्छतागृह असतं. ‘पाणी प्या’ असं दहा वेळा बजावण्यापेक्षा ‘वेरूळला प्रवेशद्वाराजवळ थांबू, अजिंठ्याच्या फाट्यावर वीस मिनिटं थांबू’ असं निरोपात लिहिलं तर बाटल्या आपोआप रिकाम्या होतात.

हॉटेलकडून काय मिळणार, हा भाग सर्वांत मोघम ठेवला जातो आणि भांडणंही त्यावरूनच होतात. सकाळी सातचा नाश्ता पाचला मिळत नाही, म्हणून पुड्या बांधून द्यायला सांगावं. त्यात दशम्या, ठेपले, केळी, उकडलेली अंडी. ओल्या नारळाची चटणी नको, ती तापलेल्या बसमध्ये नासते. दहानंतर परतल्यावर ताक किंवा पन्हं, आणि दुपारचं जेवण साडेअकरापासून तयार. इन्सुलिन ठेवायला फ्रिजमध्ये जागा, कारण बसमध्ये राहिलेली बाटली निकामी होऊ शकते. वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे आणि पंखे, हे आधी विचारून लिहावं. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुपारची खोली. मंगळवारी ग्रुप अजिंठ्याहून अडीच-तीनला परततो आणि गाडी रात्रीची असते. चेक-आउट मात्र दुपारी बाराचं. मग छत्तीस जण लॉबीत बॅगांवर बसून संध्याकाळ करतात. चार-पाच खोल्या सहापर्यंत ठेवून घेतल्या तर आळीपाळीने आंघोळ आणि आडवं होणं जमतं. तो खर्च कोणाचा, हेही निरोपातच यावं.

कोणी खचलंच तर लक्षणं बघावीत. भरपूर घाम, चक्कर, पोटऱ्यांत पेटके असतील तर सावली, पाणी, आराम. अर्ध्या-एक तासात उतार पडायला हवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, अंग चटका देण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन लावावा आणि रुग्णवाहिकेची वाट बघत न बसता त्याचे कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप तसा नव्हे. बसमध्ये बर्फाची पेटी असते ती सरबतासाठी नाही, यासाठी.

तुम्ही अशा सहलीचे पैसे भरत असाल, तर भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: लाट आली तर कोणतं ठिकाण गळणार आणि पैसे परत मिळणार का, बसमध्ये पाण्याचे जार कोण ठेवणार, आणि शेवटच्या दिवशी दुपारी खोली मिळणार का.