हात कुठून कुठे गेला?

सांकेतिक भाषेतला एक छोटासा व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. एक कर्णबधिर बाई शाळेतला प्रसंग सांगते आहे. ‘शिक्षक’ ही खूण करून ती आपल्या उजव्या बाजूला बोट दाखवते. मग ‘मुलगा’, आणि बोट डावीकडे. मग ‘पुस्तक’. त्यानंतर पुस्तक धरल्यासारखा तिचा हात उजवीकडून निघतो आणि डावीकडे जाऊन थांबतो. पुढच्याच क्षणी तिचे खांदे वळतात, नजर उजवीकडे वर जाते, भुवया आक्रसतात, मान नकारार्थी हलते आणि तळहात पुढे ढकलला जातो. सगळं मिळून पाच सेकंद. आपण मराठीत लिहू: शिक्षकांनी मुलाला पुस्तक दिलं, पण त्याने ते घेतलं नाही.

वाक्य चूक नाही. पण व्हिडिओ आणि हे वाक्य यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते. भाषाशास्त्रज्ञ, भाषांतरकार आणि आता संगणकाला ही भाषा शिकवू पाहणारे अभियंते, सगळेच तिच्यावरून जातात. या पायरीला ‘ग्लॉस’ म्हणतात. प्रत्येक खुणेला जवळच्या बोलभाषेतला एक शब्द चिकटवायचा आणि ते शब्द खुणांच्या क्रमाने मांडायचे. आपल्या व्हिडिओचा ग्लॉस असा होईल: शिक्षक – तो – मुलगा – तो – पुस्तक – देणे – नको. माझ्या मते सर्वांत मोठी गळती इथेच होते. पुढे भाषांतर कितीही चांगलं केलं तरी जे इथे गळलं ते परत मिळत नाही.

‘देणे’ या एकाच खुणेकडे बघू. त्या बाईने सुरुवातीला उजवी जागा शिक्षकांच्या नावाने राखली, डावी मुलाच्या नावाने. आता तो प्रसंग संपेपर्यंत हवेतल्या त्या दोन जागा म्हणजेच ती दोन माणसं. हात उजवीकडून डावीकडे गेला तर शिक्षकांनी मुलाला दिलं. तोच हात, तीच बोटं, तोच वेग ठेवून डावीकडून उजवीकडे गेला तर मुलाने शिक्षकांना दिलं. मराठीत हे काम ‘नी’ आणि ‘ला’ हे प्रत्यय करतात. सांकेतिक भाषेत ते हाताची दिशा करते. ग्लॉसमध्ये मात्र दोन्ही वेळा एकच शब्द लिहिला जातो, ‘देणे’. कोणी दिलं आणि कोणाला, हे कागदावरून पुसलं गेलेलं असतं. काटेकोर अभ्यासक ‘देणे’च्या आधी आणि नंतर जागांच्या खुणा लिहितात. पण संगणकासाठी हजारो वाक्यं भराभर लिहून काढायची असतात, तेव्हा ही शिस्त पहिल्यांदा सुटते.

दुसरी गळती वेळेची. शब्द एकामागून एक येतात, शरीर मात्र एकाच वेळी अनेक गोष्टी बोलतं. व्हिडिओतल्या नकाराचंच बघा. मान हलायला लागली ती ‘नको’च्या हाताआधी, आणि हात खाली आल्यावरही ती क्षणभर हलत राहिली. नकार किती खुणांवर पसरला आहे हे त्यावरून ठरतं. प्रश्नाचंही तसंच आहे. ‘तू आलास’ आणि ‘तू आलास का?’ यांतला फरक पुष्कळदा फक्त भुवया आणि डोक्याच्या झुकण्यात असतो. हात दोन्हीकडे तेच. भाषाशास्त्राच्या लेखांत यासाठी शब्दांच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढतात, जिथून जिथपर्यंत मान हलली तिथपर्यंत. नीट नोंद ठेवायची तर ‘इलॅन’सारखी सॉफ्टवेअर वापरतात. नेदरलँड्समधल्या निमेखेन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत तयार झालेल्या या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओखाली एकेक पट्टी असते: उजवा हात, डावा हात, भुवया, तोंड, नजर, खांदे. प्रत्येक पट्टीवर कुठे सुरू झालं, कुठे संपलं हे चित्र पुढे-मागे सरकवत ठरवायचं. एका मिनिटाच्या व्हिडिओत अख्खा दिवस जाऊ शकतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी हातांची एकच पट्टी भरली जाते आणि चेहरा राहून जातो.

आणि तो क्षण, जिथे तिचे खांदे वळले? तिथे ती मुलाविषयी सांगत नव्हती, तिने मुलाची जागाच घेतली होती. नजर वर गेली कारण शिक्षक उंच, मुलगा लहान. भुवयांवरून कळतं की त्याने चिडून नाकारलं. तोच तळहात हळू, मान खाली घालून पुढे आला असता तर तो संकोच ठरला असता. आपलं ‘घेतलं नाही’ यातलं काहीच धरत नाही. उलट काही गोष्टी आपण पदरच्या घालतो. ‘शिक्षक’ या खुणेत पुरुष की बाई हे आलेलंच नव्हतं. मराठीत ‘शिक्षक’ की ‘शिक्षिका’ हा शब्द निवडताना ते आपल्याला ठरवावं लागलं. चांगला दुभाषी अशा ठिकाणी थांबून विचारतो.

आता यंत्राकडे येऊ. फोनवर चालणारी बरीचशी खूण-ओळख पूर्ण चित्र बघत नाही. आधी एक कार्यक्रम चित्रातून सांधे शोधतो. गूगलच्या ‘मीडियापाइप’ची सर्वसमावेशक पद्धत एका चौकटीतून ५४३ बिंदू काढते: प्रत्येक हाताचे २१, शरीराचे ३३, चेहऱ्याचे ४६८. पुढचं यंत्र फक्त या बिंदूंची हालचाल बघतं. हात वेगळे आणि स्थिर असले की हे छान चालतं. हात एकमेकांवर आले, तोंडासमोर गेले किंवा वेगाने फिरल्यामुळे चित्रात फराटा उमटला, की बिंदू अंदाजाने बसवले जातात. भारतीय सांकेतिक भाषेतली इंग्रजी अक्षरं बहुतांशी दोन हातांनी करतात, आणि काही स्वर तर एका हाताच्या बोटाने दुसऱ्या हाताच्या बोटांची टोकं टेकून दाखवतात. टेकलं ते मधलं बोट की अनामिका, यावर अक्षर बदलतं. नेमक्या त्या क्षणी एक हात दुसऱ्याला झाकत असतो.

तरीही एकेक सुटी खूण ओळखण्यात खरी प्रगती झाली आहे. २०२० मध्ये एआयफॉरभारतच्या संशोधकांनी भारतीय सांकेतिक भाषेतल्या २६३ खुणांचे ४,२८७ व्हिडिओ ‘इन्क्लूड’ या नावाने खुले केले. त्यांच्या सर्वांत चांगल्या यंत्राने निवडक ५० खुणांवर ९४.५ टक्के अचूकता गाठली. पूर्ण २६३ खुणांवर ती ८५.६ टक्के झाली. ॲप बनवणारे असाच एखादा आकडा पुढे करतात, तेव्हा तो नेहमी या दोन अंगांनी वाचावा: खुणा किती होत्या, आणि त्या सुट्या होत्या की बोलण्याच्या ओघात. ओघात हात एका खुणेवरून दुसरीकडे जाताना मधली हालचालही करतो, जिला अर्थ नसतो. खुणा एकमेकींत मिसळतात, काही अर्ध्यावरच सोडल्या जातात. यंत्राला आधी हेच कळावं लागतं की खूण संपली कुठे.

अखंड बोलण्यावर सर्वांत जास्त प्रयोग झाले ते जर्मन सांकेतिक भाषेवर, आणि तेही हवामानाच्या बातम्यांवर. ‘फीनिक्स’ या जर्मन वाहिनीवर २००९ ते २०११ या काळात दाखवलेले दुभाष्यांचे व्हिडिओ आखेनच्या विद्यापीठाने गोळा केले. त्यांच्या २०१४ च्या संग्रहात खुणा करणारे नऊ जण आहेत, आणि खुणा जेमतेम हजारभर. अनेक वर्षं जगभरातली यंत्रं याच व्हिडिओंवर एकमेकांशी स्पर्धा करत आली आहेत. अडचण लगेच दिसते. हवामानाची वाक्यं ठरावीक असतात, त्यामुळे ‘आणि आता उद्याचा अंदाज’ हे वाक्य यंत्र चित्र नीट न बघताही सवयीने जुळवू शकतं. त्यावर गुणही मिळतात. शिवाय ते व्हिडिओ ऐकू येणाऱ्याच्या बोलण्याचं धावतं भाषांतर आहेत. कर्णबधिर माणसं आपापसांत बोलतात तसं ते बोलणं नाही.

याच संग्रहावर २०२० मध्ये कायो यिन आणि जेसी रीड यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. समजूत अशी होती की माणसाने लिहिलेला अचूक ग्लॉस यंत्राला दिला, तर त्याहून चांगलं भाषांतर होणं शक्य नाही. तीच वरची मर्यादा. पण त्यांचं यंत्र व्हिडिओतून स्वतः ग्लॉस ओळखून भाषांतर करताना अधिक गुण मिळवून गेलं. ‘अचूक’ ग्लॉस हाच अपुरा होता, हे त्यातून उघड झालं. हलका पाऊस आणि मुसळधार पाऊस यांतला फरक हात किती जोरात आणि गाल कसे, यात असू शकतो. ग्लॉसमध्ये दोन्हीकडे ‘पाऊस’.

एखाद्या ॲपची परीक्षा घ्यायची तर कर्णबधिर मित्राला सोबत घ्यावं आणि पुस्तकाचंच वाक्य दोनदा चित्रित करावं, दुसऱ्यांदा फक्त ‘देणे’ची दिशा उलटी. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, तर यंत्र शब्द ओळखतं, वाक्य नाही. मग एखादं विधान मान हलवून आणि न हलवता. मग ज्याचा व्हिडिओ यंत्राने आधी कधीच बघितलेला नाही असा माणूस, शक्यतो दुसऱ्या गावचा. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर इथल्या खुणांचा अभ्यास सुरू केला. व्याकरण सगळीकडे सारखं, पण शब्दसंग्रहात प्रांताप्रांताने फरक, असं त्यांना दिसलं होतं. दिल्लीच्या केंद्रीय संस्थेने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा सांकेतिक कोश केला, तोही व्हिडिओंचाच आहे. तरी मुंबईच्या शाळेत वाढलेल्या माणसाची खूण कोशातल्यासारखीच असेल असं धरून चालता येत नाही.

या सगळ्याची खरी कसोटी न्यायालयात लागते. ‘त्याने मला मारलं’ आणि ‘मी त्याला मारलं’ यांतला फरक तिथेही हात कुठून कुठे गेला एवढाच असू शकतो. २०१३ मध्ये साक्ष पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचं म्हणणं दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने नोंदवावं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण व्हावं, असं तिथे बंधन घातलं गेलं. लिखित जबाबावर शंका आली तर मूळ हातांकडे परत जाता यावं, यासाठी हे चित्रण हाताशी असतं. पण ते उपयोगी पडायचं तर कॅमेऱ्यात साक्षीदाराची कंबरेपासून डोक्यापर्यंतची पूर्ण आकृती हवी, कोपर पसरले तरी हात चौकटीबाहेर जाऊ नयेत. चेहऱ्यावर उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको. आणि दुभाषी व प्रश्न विचारणारा कुठे बसले आहेत हे दाखवणारा दुसरा कॅमेराही हवा, कारण साक्षीदार खोलीतल्या खऱ्या माणसाकडे बोट दाखवतो तेव्हा त्या दिशेला कोण होतं हे एकट्या साक्षीदाराच्या चित्रणातून कधीच कळणार नाही.