34 स्लाइड्सचं एक पोस्टर

व्याख्यानासाठी 34 स्लाइड्स तयार असतात आणि आयोजकांकडून निरोप येतो की तुमचं संशोधन पोस्टर म्हणून घेतलं आहे. घाईत सुचणारा उपाय एकच: स्लाइड्स लहान करायच्या आणि ओळीने चिकटवायच्या. ए-झीरो आकाराचा उभा कागद 841 बाय 1189 मिलिमीटरचा असतो. एका ओळीत चार अशा नऊ ओळी केल्या तर सगळ्या स्लाइड्स खरोखर मावतात, वर शीर्षकालाही जागा उरते.

मावतात, पण वाचता येत नाहीत. नेहमीची स्लाइड सुमारे 34 सेंटिमीटर रुंद असते, या मांडणीत ती 20 सेंटिमीटरची होते. तिच्यावरचं 18 पॉइंटचं अक्षर 11 पॉइंटच्याही खाली जातं, म्हणजे पुस्तकातल्या अक्षराएवढं. पुस्तक आपण हातात धरतो, पोस्टरसमोर मात्र लोक दीड मीटरवर उभे असतात. शिवाय स्लाइड अर्धीच गोष्ट सांगते, उरलेली बोलणाऱ्याच्या तोंडून येते. आवाज काढून घेतला की उरतात ते तुटक मुद्दे.

म्हणून आधी जागा मोजावी. मजकुराचं अक्षर 32 पॉइंटचं ठेवलं, तीन रकाने केले, शीर्षक आणि समास सोडले, तर एका रकान्यात साधारण 66 ओळी बसतात आणि ओळीत सहा-सात शब्द. हे झाले तेराशेच्या आसपास शब्द. पण निम्मी जागा आलेख आणि नकाशाला लागते, पाव जागा मोकळी ठेवली नाही तर डोळा कुठेच टेकत नाही. हातात उरतात सव्वातीनशे-साडेतीनशे शब्द. एवढ्याच भांडवलावर सगळा संसार.

आता हे शब्द कुणाला द्यायचे? समजा, एका विद्यार्थिनीने काळ्या पाषाणाच्या प्रदेशात एका बंधाऱ्याच्या आसपासच्या 40 विहिरींची पाणीपातळी तीन वर्षं मोजली. तिच्या 34 स्लाइड्समध्ये सहा आधीच्या अभ्यासांवर आहेत, सात पद्धतीवर, अकरा निष्कर्षांच्या आलेखांवर. तिने स्लाइड्स बाजूला ठेवाव्यात आणि कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहावं: ‘बंधाऱ्यामुळे विहिरींचं पाणी वाढलं, पण अर्ध्या किलोमीटरपर्यंतच.’ हे तिचं शीर्षक. ‘भूजल पुनर्भरणाचा अभ्यास’ या शीर्षकातून विषय कळतो, काय सापडलं ते कळत नाही.

मग प्रत्येक स्लाइडला विचारायचं: तुझ्याशिवाय या वाक्यावर विश्वास बसेल का? अकरा आलेखांपैकी एकच असा निघतो, ज्यात आडव्या अक्षावर बंधाऱ्यापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर पातळीतली वाढ आणि प्रत्येक विहिरीचा एक ठिपका आहे. तो मोठा करून मधोमध लावायचा. वर्षवार आलेख जोडपत्रात जातील, ते क्यूआर कोडने उघडतील. पद्धतीच्या सात स्लाइड्सचा होतो विहिरींचा एक नकाशा आणि त्याखाली दोन ओळी: कधी मोजलं, कशाने मोजलं. आधीच्या अभ्यासांना दोन वाक्यं पुरतात, कारण तिथे फक्त कोणता प्रश्न उरला होता एवढंच सांगायचं असतं. रूपरेषा आणि आभाराच्या स्लाइड्स सरळ वगळाव्यात. बाकीचं तिच्या तोंडी राहील, विचारणाऱ्याला ती सांगेल.

2019 मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्याने पोस्टरच्या मधल्या भागात साध्या भाषेतलं एकच मोठं वाक्य ठेवायची मांडणी सुचवली आणि ती जगभर पसरली. वाक्य मोठं हवंच, हे मला पटतं. पण त्याला लागूनच पुरावा हवा, नाहीतर ती घोषणा होते. याच कारणाने काटछाटीत एक गोष्ट हटकून बळी जाते, तिला जपावं: अभ्यासाची मर्यादा. ‘सर्व विहिरी एकाच बंधाऱ्याजवळच्या आहेत’ हे छोटं वाक्य गेलं, तर वाचणारा तो निष्कर्ष साऱ्या राज्याला लावून मोकळा होतो.

आलेख स्लाइडवरून स्क्रीनशॉट काढून घेऊ नये. पडद्यावर तो रेखीव दिसतो, कागदावर तीनपट मोठा झाला की कडा फाटतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढला, तिथूनच तो पीडीएफ किंवा एसव्हीजी म्हणून घ्यावा. अक्षांवरची अक्षरं तिथेच वाढवावीत, रंगांची कोपऱ्यातली सूची काढून नावं थेट रेषेजवळ लिहावीत.

छपाईला देण्याआधी पोस्टर साध्या ए-फोर कागदावर छापावं. ए-झीरोच्या चौपट लहान बाजूंचा हा कागद, त्यामुळे 32 पॉइंटचं अक्षर इथे 8 पॉइंटचं दिसतं. कागद हातभर अंतरावर धरून सगळं वाचता आलं, तर दीड-दोन मीटरवरून पोस्टरही वाचता येईल. मग तो कागद दुसऱ्या शाखेतल्या मैत्रिणीला द्यावा, मिनिटभराने काढून घ्यावा आणि काय सापडलं ते तिला विचारावं. ती ‘विहिरींवर काहीतरी आहे’ म्हणाली, तर पेन्सिल घेऊन पुन्हा बसायचं. ‘अर्धा किलोमीटर’ हे शब्द तिच्या तोंडून आले, तर फाइल छपाईला पाठवायची.